ट्रेलरची पहिली तीस सेकंदं: लहान गावातल्या उद्योजकांच्या पहिल्या वर्षाबद्दलच्या पॉडकास्टची सुरुवात कशी लिहावी

अशा पॉडकास्टचा ट्रेलर साधारण दीड ते दोन मिनिटांचा असतो. त्यातली शेवटची मिनिटभराची माहिती (किती भाग, कधीपासून, कुठे ऐकायचं) लिहायला फार डोकं लागत नाही. अडतं ते पहिल्या तीस सेकंदांवर. तीस सेकंदांत सावकाश बोललेले पन्नास-पंचावन्न मराठी शब्द बसतात, त्याहून जास्त नाही. म्हणून सगळं काम या पन्नास शब्दांचं आहे, आणि ते लिहायला बसण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

आधी क्षण, मग ओळ

या विषयावरच्या ट्रेलरची नेहमीची सुरुवात अशी असते: ‘मोठी स्वप्नं पाहायला मोठं शहर लागतं, असं कोण म्हणतं?’ ओळ कानाला बरी लागते, पण त्यात माणूस नाही, दिवस नाही, पैसा नाही. तीच ओळ खेळाडूंवरच्या किंवा गायकांवरच्या मालिकेलाही चालेल. सुरुवातीची ओळ निवडताना हीच पहिली चाळणी लावावी: दुसऱ्या विषयाच्या ट्रेलरला ती जशीच्या तशी चिकटत असेल, तर ती काढून टाका.

पहिल्या वर्षाची खरी ताकद अशी की त्या वर्षात शेवट कुणालाच माहीत नसतो. ऐकणाऱ्यालाही तो माहीत नसावा. ‘आज त्यांच्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत, पण सुरुवातीला…’ अशी सुरुवात केली की धंदा टिकला हे पहिल्याच वाक्यात कळतं आणि पुढची अडचण नुसती सजावट उरते. म्हणून शोधायचा तो वर्षातला असा एक दिवस, जेव्हा गोष्ट दोन्हीकडे झुकू शकत होती.

असे दिवस बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आठवड्यात सापडत नाहीत. पहिले दोन-तीन महिने ओळखीची माणसं काम देतात आणि शिल्लक हाताशी असते. अडचण त्यानंतर येते, आणि ती सहसा धडाक्यात येत नाही. एखादं बिल पुढच्या आठवड्यावर ढकललं जातं, मग त्याच्या पुढच्या. मुलाखतीतला तो भाग बोलणाऱ्याला स्वतःला फारसा सांगण्याजोगा वाटत नाही, म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

मुलाखतीतून ओळ कशी मिळते

‘पहिलं वर्ष कसं होतं?’ असं विचारलं की ‘खूप शिकायला मिळालं’ असं उत्तर येतं. त्याऐवजी वस्तू आणि दिवस विचारा. पैसे देणं थांबवलं ते पहिलं बिल कोणतं? त्या दिवशी पहिला फोन कुणाला केला? घरी कोणती गोष्ट सांगितली नाही? कामावरच्या माणसाला पगार उशिरा देताना नेमकं काय शब्द वापरले? असे प्रश्न ऐकून माणूस थोडा थांबतो. तो थांबला की लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. चांगली ओळ बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

दुसरी गोष्ट तांत्रिक वाटते, पण तिच्यावाचून ट्रेलर अडतो. ट्रेलरमध्ये तुमचा प्रश्न कापला जाणार असतो. ‘तेव्हा पैसे होते का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, अजिबात नव्हते’ हे उत्तर आलं, तर संपादनात ते निरुपयोगी ठरतं, कारण काय नव्हतं हे त्यात नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच सांगून ठेवा: ‘माझा आवाज नंतर काढला जाईल, तेव्हा उत्तरातच विषय घ्या.’ माणसं दहा मिनिटांत हे विसरतात. तेव्हा महत्त्वाच्या ठिकाणी ‘हे पुन्हा एकदा पूर्ण वाक्यात सांगाल का?’ असं विचारायला संकोच करू नये. मात्र तुम्ही वाक्य तयार करून ते त्यांच्या तोंडी घालू नका. पाठ केलेलं वाक्य दोन शब्दांत ओळखू येतं: आवाज वर चढतो आणि क्रियापदं छापील होतात.

एक उदाहरण, हिशेबासकट

समजा, मालिकेतल्या एका बाई पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतात. मुलाखतीत त्या सहज म्हणून गेल्या: ‘आठव्या महिन्यात ऑर्डरी सगळ्यात जास्त होत्या. आणि त्याच महिन्यात वीजबिल भरायला पैसे नव्हते.’

हीच ट्रेलरची पहिली ओळ. पण ती वापरण्याआधी तिच्यामागचा हिशेब लिहिणाऱ्याला कळला पाहिजे. नाहीतर पुढची निवेदनाची ओळ ‘संकटं काही थांबत नव्हती’ अशी पोकळ निघते.

हिशेब असा. नव्या कारखानदाराला कागदाचे रीळ उधार मिळत नाहीत, ते रोख घ्यावे लागतात. उलट मोठं गिऱ्हाईक माल घेतं आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी देतं. चौथ्या महिन्यात १०० एककांचा कागद घेऊन त्यांनी १३० चा माल दिला असं धरू. पाचव्या महिन्यात ऑर्डर वाढली आणि १५० चा कागद लागला, सहाव्यात २०० चा, सातव्यात २५० चा. म्हणजे सातव्या महिन्याअखेर कागदासाठी एकूण ७०० गेले. आले किती? चौथ्या महिन्याचं बिल अगदी वेळेवर मिळालं तरी फक्त १३०. उरलेले ५७० अडकले, आणि यात पगार, वीज, भाडं धरलेलंच नाही. प्रत्येक ऑर्डरीत नफा आहे, तरीही हात रिकामे. ऑर्डरी घटल्या असत्या तर अडकलेला पैसा कमी झाला असता. इथे त्या वाढल्या, हीच अडचण.

आता त्या ओळीतला विरोध का बोचतो हे स्पष्ट होतं. बाहेरच्याला वाटतं ऑर्डर म्हणजे पैसा. या बाईंच्या आठव्या महिन्यात ऑर्डर म्हणजे खर्च होता. ट्रेलरच्या निवेदनाला एवढंच सांगायचं आहे, आकडे न वाचता.

मसुदा ते अंतिम संहिता

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो:

‘नमस्कार! लहान गावात राहून उद्योजक होण्याचं स्वप्न पाहणं सोपं नसतं. पहिलं वर्ष म्हणजे संघर्षाचा, जिद्दीचा आणि शिकण्याचा प्रवास. अशाच काही प्रेरणादायी उद्योजकांच्या कहाण्या आम्ही घेऊन येत आहोत.’

यात चूक म्हणावी असं वाक्य एकही नाही, आणि ऐकावं असंही एकही नाही. स्वप्न, संघर्ष, जिद्द, प्रवास, प्रेरणादायी: या पाच शब्दांवर या मालिकेपुरती बंदीच घालावी. ते अवघडलेल्या लिहिणाऱ्याला वाट देतात आणि ऐकणाऱ्याला काहीच देत नाहीत. शिवाय नमस्कारात दोन सेकंदं जातात. भागाच्या सुरुवातीला नमस्कार शोभतो. ट्रेलरमध्ये मात्र ओळख अजून झालेलीच नसते, म्हणून तो आधी कानाला लागावं असं काहीतरी ऐकवून मग आला तर चालतो.

दुसऱ्या मसुद्यात क्लिप पुढे येते, पण निवेदक ती समजावू लागतो: ‘होय, बरोबर ऐकलंत! ऑर्डरी असूनही पैसे नव्हते. असं का झालं असेल?’ क्लिपने जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं की क्लिपचा जोर जातो. निवेदनाने क्लिपच्या पुढचं पाऊल टाकावं, मागचं नाही.

अंतिम संहिता अशी होऊ शकते:

क्लिप: ‘आठव्या महिन्यात ऑर्डरी सगळ्यात जास्त होत्या. आणि त्याच महिन्यात वीजबिल भरायला पैसे नव्हते.’

निवेदन: ‘कागद रोख घ्यायचा, बॉक्स उधार द्यायचे. ऑर्डर जितकी मोठी, तितका खिसा रिकामा.’

क्लिप: ‘गावात कुणाला सांगणार? ज्याचे पैसे द्यायचे, तो रोज समोरून जातो.’

निवेदन: ‘लहान गावांत धंदा उभा करणारी सहा माणसं. टिकलं कोण, ते शेवटी कळेल. त्याआधी, त्यांचे “पहिले बारा महिने”.’

एकूण ५२ शब्द. सेकंदाला दोन शब्दांच्या गतीने २६ सेकंदं होतात, आणि मधल्या शांततेची चार धरली की तीस. तुमची गती वेगळी असेल, म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेली संहिता नेहमी छोटी वाटते.

या चार तुकड्यांची कामं वेगळी आहेत. पहिली क्लिप विरोध मांडते. पहिलं निवेदन त्यामागचं कारण देतं, पण सूत्ररूपात. दुसरी क्लिप इथली खास गोष्ट आणते, ती म्हणजे लहान गाव. ती नसती तर हा ट्रेलर कुठल्याही नव्या धंद्याबद्दलचा झाला असता. मोठ्या शहरात देणेकरी आणि घेणेकरी एकमेकांना टाळू शकतात. लहान गावात माल पुरवणारा शेजारी असतो, कामगार ओळखीच्या घरातला असतो, आणि शटर एक दिवस बंद राहिलं तर संध्याकाळपर्यंत चौकशीचे फोन येतात. ‘लहान गाव’ हे शब्द निवेदनात चारदा घालण्यापेक्षा अशी एक क्लिप पुरते. दया येईल असा सूर मात्र टाळावा. ‘सुविधा नसतानाही’ अशी सुरुवात झाली की ऐकणारा गावाकडे वरून पाहायला लागतो.

शेवटचं निवेदन वचन देतं आणि नाव सांगतं. नाव मुद्दाम शेवटी आहे, कारण तोवर त्याला अर्थ आलेला असतो. ‘टिकलं कोण, ते शेवटी कळेल’ हे वाक्य लिहायचं तर सहांपैकी निदान एकाचा धंदा बंद पडलेला असला पाहिजे. सगळेच यशस्वी असतील तर हे वाक्य खोटं ठरतं. तेव्हा ते बदला किंवा, त्याहून बरं, मालिकेत बंद पडलेला एक धंदा घ्या.

‘इतके टक्के धंदे पहिल्या वर्षात बंद पडतात’ असा आकडा इथे घालण्याचा मोह होतो. असे आकडे देश, काळ आणि ‘बंद’ची व्याख्या बदलली की बदलतात, आणि ट्रेलरमध्ये ते समजावायला जागा नसते. शिवाय टक्केवारी ऐकली की वीजबिल विसरलं जातं.

कानासाठी मराठी

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्याचा जोर आपोआप ‘आहे’, ‘होते’वर पडून विरतो. उदाहरणात क्लिप ‘नव्हते’वर संपते. तिथे क्रियापदच घाव घालतं, म्हणून चालतं. निवेदनात मात्र ‘तितका खिसा रिकामा’ असं क्रियापद गाळून थांबलो. ‘तितका खिसा रिकामा होत असतो’ असं लिहून वाचून पाहा, फरक कळेल. प्रत्येक वाक्य असं तोडू नये, नाहीतर जाहिरातीचा ठेका येतो. तीस सेकंदांत दोन-तीनदा पुरे.

बोलणारा ‘धंदा’ म्हणत असेल तर निवेदकाने ‘व्यवसाय’ किंवा ‘उद्योजकीय वाटचाल’ म्हणू नये. दोघांच्या भाषेतलं अंतर लगेच जाणवतं आणि निवेदक वरच्या पायरीवर उभा असल्यासारखा वाटतो. ‘होते’ आणि ‘होतं’ यांतलं एक रूप ठरवा आणि पाळा. निवेदनात बोली रूपंच बरी. बॉक्सऐवजी ‘खोके’ लिहिलं तर शुद्ध होईल, पण काही ऐकणाऱ्यांच्या मनात त्या शब्दाने भलताच अर्थ उभा राहतो आणि ते हसतात. असे शब्द वाचताना सापडत नाहीत. ते सापडायला दुसऱ्या कुणाला तरी ऐकवावं लागतं.

संहितेत आकडे अक्षरांत लिहा. ‘९०’ दिसलं की वाचणारा क्षणभर अडखळतो, ‘नव्वद’ला नाही.

परवानगी: ट्रेलरसाठी वेगळी

मुलाखतीची परवानगी मिळाली म्हणजे ट्रेलरचीही मिळाली, असं धरू नये. चाळीस मिनिटांच्या भागात वीजबिलाच्या वाक्याआधी आणि नंतर बरंच काही असतं. ट्रेलरमध्ये ते एकटंच ऐकू जातं, आणि वाटल्या जातात त्या ट्रेलरच्या क्लिपा. शिवाय गाव लहान. ‘ज्याचे पैसे द्यायचे, तो रोज समोरून जातो’ हे ऐकून तो माणूस कोण हे पाचजणांना लगेच समजेल, आणि त्यालाही. नाव न घेतल्याने इथे काही झाकलं जात नाही.

म्हणून कापलेला तीस सेकंदांचा तुकडा, संगीतासह, त्या बाईंना ऐकवा आणि सरळ विचारा: ‘हे ऐकून तुम्हाला त्रास देऊ शकेल असं कुणी आहे का?’ उधारी फिटली आहे का, बँकेचं कर्ज अजून चालू आहे का, ते गिऱ्हाईक आजही माल घेतं का, हे यातूनच कळतं. चालू देण्याबद्दलची ओळ ट्रेलरमध्ये नसावी, परवानगी असली तरी. दुसरी ओळ सापडते, पण मोडलेला व्यवहार गावात सहज जुळत नाही. कामगारांच्या पगाराबद्दलचं वाक्य असेल तर त्या कामगारालाही विचारा. त्याची अडचण त्याच्या मालकाने सांगितली आहे, त्याने नाही.

रेकॉर्डिंग आणि कापणं

निवेदन रेकॉर्ड करताना माइक तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवा. समोर धरला तर प, फ, ब, भ यांची हवा थेट आदळते. वरच्या संहितेत ‘पैसे’, ‘भरायला’, ‘बॉक्स’, ‘पहिले’ असे बरेच शब्द आहेत, तेव्हा हे ऐकून तपासाच. कारखान्यात घेतलेल्या मुलाखतीच्या जागी कुणी बोलत नसताना किमान तीस सेकंदं नुसता आवाज रेकॉर्ड करून आणा. तो नसेल तर क्लिपमधून एखादं ‘म्हणजे’ काढल्यावर मागचा यंत्राचा आवाज खटकन तुटतो. तो असेल तर सांधा त्याखाली झाकता येतो.

कापताना एक मर्यादा पाळावी. ‘अं’, ‘म्हणजे’, दुबार शब्द काढले तर चालतात. दोन वेगळ्या ठिकाणची वाक्यं जोडून नवा अर्थ तयार करू नये. ‘आठव्या महिन्यात ऑर्डरी जास्त होत्या’ हे एकीकडून आणि वीजबिल दुसऱ्या वर्षातून घेतलं, तर ओळ छान होईल, पण ती त्या बाईंची उरणार नाही.

पहिल्या क्लिपच्या आधी संगीत नको. शांततेतून आलेला माणसाचा आवाज आधी कान पकडतो. संगीत पहिल्या निवेदनाखाली हळू आणावं आणि बोलण्यापेक्षा साधारण १८ ते २० डेसिबलने खाली ठेवावं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर सगळे शब्द कळतात का ते पाहा, हेडफोनवर नेहमी कळतातच. दुःखी पियानो टाळा. तो ऐकणाऱ्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकतो. ‘नव्हते’नंतर दीड सेकंद शांतता ठेवा. संपादकाला ती फार लांब वाटेल, कारण त्याने ते वाक्य तीसदा ऐकलेलं असतं.

अंतिम फाइलची एकूण पातळी `-16 LUFS` च्या आसपास आणि सर्वोच्च टोक `-1 dB` च्या खाली ठेवलं की अॅपलच्या शिफारशीशी जुळतं. इथे नेहमीची चूक म्हणजे दबलेली क्लिप आणि ठणठणीत निवेदन. पूर्ण फाइलची सरासरी बरोबर येते, पण ऐकणारा पहिल्या वाक्याला आवाज वाढवतो आणि दुसऱ्याला दचकतो. म्हणून आधी प्रत्येक तुकडा कानाने समान करा, मग एकूण पातळी लावा.

चाचणी आणि प्रकाशन

विषयाशी संबंध नसलेल्या तीन-चार जणांना फक्त ही तीस सेकंदं ऐकवा आणि एकच विचारा: ‘काय ऐकलंत, सांगा.’ ‘आवडलं का’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. कुणी ‘बॉक्सवाल्या बाईंकडे ऑर्डरी होत्या पण वीजबिलाला पैसे नव्हते’ असं सांगितलं तर पहिली ओळ पोचली. ‘धंद्यातल्या अडचणींबद्दल काहीतरी’ असं उत्तर आलं तर निवेदन क्लिपवर चढून बसलंय. ‘उधारी का दिली मग?’ असा उलट प्रश्न आला तर ते सगळ्यात उत्तम, कारण त्याचं उत्तर पहिल्या भागात आहे.

फीडमध्ये ही फाइल साधा भाग म्हणून चढवू नका. होस्टिंगच्या पानावर भागाचा प्रकार ‘ट्रेलर’ निवडा. फीड हाताने लिहीत असाल तर त्या भागात ही ओळ हवी:

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
```

ही खूण नसेल तर अॅपला ही फाइल ट्रेलर आहे हे कळत नाही. नवे भाग आल्यावर ती यादीत खाली सरकत जाते, आणि महिन्याभराने पहिल्यांदा आलेल्या माणसाला वीजबिलाची ती ओळ सापडतच नाही.